वैचारिक निबंध: सुधारित गुणदान तक्ता (इयत्ता नववी, 20 गुण)

जुन्या तक्त्यातले ‘उत्तम’, ‘चांगला’, ‘बरा’ हे शब्द काढले आहेत. त्यांचा अर्थ प्रत्येक शिक्षक आपापला लावत होता. कागदावर दिसेल त्यालाच गुण.

मत आणि आधार (12 गुण)
10–12: पहिल्याच परिच्छेदात मत एका वाक्यात मांडले आहे. तीन कारणे, प्रत्येकाला उदाहरण, आणि त्या उदाहरणातून कारण कसे सिद्ध होते तेही लिहिले आहे. एका विरोधी मताला उत्तर आहे.
7–9: मत सुरुवातीलाच, कारणे तीन, पण उदाहरण देऊन विषय सोडला आहे. विरोधी मताचा फक्त उल्लेख.
4–6: मत शेवटी कळते. कारणे एक-दोन, उदाहरणाच्या जागी तेच विधान वेगळ्या शब्दांत.
0–3: विषयाची माहिती आहे, मत कुठेच नाही.

पाठ केलेली सुभाषिते म्हणजे उदाहरण नव्हे. इथे आपण सगळेच फसतो.

रचना (5 गुण)
5: एका परिच्छेदात एकच मुद्दा.
3–4: एखाद्या परिच्छेदात दोन मुद्दे मिसळले आहेत.
0–2: परिच्छेदच पाडलेले नाहीत.

भाषा (3 गुण)
3: प्रत्येक वाक्य एका वाचनात कळते.
1–2: काही वाक्ये पुन्हा वाचावी लागतात.
0: बहुतेक वाक्यांचा अर्थ लागत नाही.

अक्षराला गुण नाहीत.