विषय: बिल नं. AMT/25-26/1187 (18 नोव्हेंबर 2025) वर आमचा जीएसटी नंबर आन पत्ता चुकीचा छापला आहे, दुरुस्त बिल पाहिजे

प्रकाशभाऊ, नमस्कार.
अकाउंटवाल्या ताईंनाही हा मेल टाकला आहे, कारण काम त्यांच्याच टेबलावरचं आहे, पण तुम्ही स्वतः एकदा वाचा म्हणून तुमच्या नावानं लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण मालाच्या गडबडीत नंबर-बिंबर कोण लिहून घेते, म्हणून लेखी देतो.

गोष्ट अशी आहे का तुमचा माल 18 नोव्हेंबरला निघाला आन दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर उतरला, त्यात काहीच तक्रार नाही. 63 एमएमचे 300 पाईप, 75 एमएमचे 160, फिटिंगचे डबे, सगळं मोजून घेतलं, एकही तुटका नाही. बिल मी तेव्हा वरवर पाह्यलं, रक्कम बरोबर आहे म्हणून फाईलला लावून दिलं. काल आमच्या सीएकडचा पोरगा 2बी काढून बसला तर नोव्हेंबरच्या क्रेडिटमध्ये तुमचं बिलच नाही. मला वाटलं तुमचं रिटर्न राह्यलं असंल, पण तो म्हणे रिटर्न वेळेवर भरलेलं दिसते, मंग बिल काढून नीट पाह्यलं तर वर छापलं आहे "गजानन ट्रेडर्स, दर्यापूर, जि. अमरावती 444803", आन जीएसटी नंबर 27QXZPG7352D1ZM. तो नंबर पोर्टलवर टाकून पाह्यला, चालू नंबर आहे आन दर्यापूरच्याच दुकानाचा आहे. आमचं तर "श्री गजानन ट्रेडर्स" आन तेही आर्णीचं.

आता शेगावच्या महाराजांच्या कृपेनं आपल्या विदर्भात दर दोन दुकानांआड एक गजानन असतेच, हार्डवेअर म्हणा का कृषी केंद्र म्हणा, त्यामुळे मला यात आश्चर्य वाटलं नाही. ताईंनी बिल बनवताना गजानन टाईप केलं असंल, लिस्टमध्ये वरचं नाव दिसलं आन एंटर मारलं. हे मी अंदाजानं नाही म्हणत, काहून का जीएसटी नंबरच्या शेवटचं अक्षर हे आधीच्या 14 अक्षरांवरून ठरते, म्हणून एखादं अक्षर चुकलं असतं तर पोर्टलनं तो नंबर घेतलाच नसता. पूर्ण नंबर दुसऱ्याचा आन पत्ताही त्याच दुसऱ्याचा, म्हणजे पूर्ण पार्टीच चुकून निवडल्या गेली. म्हणून नुसतं हे एक बिल सुधरवून होणार नाही, आमचं लेजर एकदा उघडून पाहा, कारण पुढचं बिलही असंच जाईन. जमलं तर आमच्या नावापुढं आर्णी लिहून ठेवा, म्हणजे घोळच नको.

बरोबर माहिती खाली देतो, इथूनच कॉपी करा, हातानं टाईप करू नका:

फर्म: श्री गजानन ट्रेडर्स
GSTIN: 27QZKPW4816M1Z3
बिलाचा पत्ता: माहूर रोड, आर्णी, ता. आर्णी, जि. यवतमाळ, महाराष्ट्र 445103
माल पोचवायचा पत्ता: तोच
राज्य कोड: 27

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची पीडीएफ जोडली आहे, त्यावर हेच आहे. बिलातलं बाकी सगळं ठीक आहे, त्याला हात लावू नका. माल 1,67,000, त्यावर सीजीएसटी 9 टक्के 15,030 आन एसजीएसटी 9 टक्के 15,030, एकूण 1,97,060. एचएसएन 3917 बरोबर आहे. दर्यापूर काय न आर्णी काय, दोन्ही महाराष्ट्रातच, त्यामुळे टॅक्सचा प्रकार बदलत नाही. गिऱ्हाईकच बदलते.

आता कसं करायचं ते. काही जण काय करतात, जुन्याच बिलावर पेनानं नंबर खोडतात, बाजूला नवीन लिहितात, शिक्का मारतात आन व्हाट्सअपवर फोटो टाकून देतात. तसं करू नका भाऊ. कागद सुधरते, पण पोर्टलवर माझ्या नावचं 30,060 चं क्रेडिट दर्यापूरच्या खात्यातच पडून राहते, आन 2बी त आलं नाही तर मला ते घेता येत नाही, कायद्यातच तसं आहे. दुसरं म्हणजे आजच्या तारखेचं नवीनच बिल बनवून पाठवू नका, कारण माल नोव्हेंबरात आला, बिल्टी नोव्हेंबरची, माझ्या स्टॉक रजिस्टरला आवक नोव्हेंबरची, आन तुमच्याकडं एकाच मालाची दोनदा विक्री दिसंल, मंग त्याच्यासाठी पहिल्या बिलाची क्रेडिट नोट काढा, ती दर्यापूरवाल्यांच्या नावानं जाईन, त्यांनी माल पाह्यलाही नाही न त्यांना क्रेडिट नोट. कशाला एवढा उपद्व्याप.

आमच्या सीएचं म्हणणं सोपं आहे. बिल नंबर तोच, तारीख तीच, फक्त गिऱ्हाईकाचा जीएसटी नंबर न पत्ता बदललेला असं दुरुस्त बिल मला द्या, आन डिसेंबरच्या जीएसटीआर-1 मध्ये टेबल 9ए त हे बिल अमेंड करा. नोव्हेंबरचं 1 नंबर तर 11 तारखेच्या आतच भरल्या गेलं. ते जीएसटीआर-1ए नावाचं जे नवीन निघालं त्यात गिऱ्हाईकाचा नंबर बदलता येत नाही, म्हणून तिथं वेळ घालवू नका, सरळ डिसेंबरमध्येच करा. 11 जानेवारीच्या आत भरलं का 14 तारखेच्या 2बी त मला दिसंल. तुमच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागत नाही हे बरं, नाहीतर ते 24 तासांनंतर रद्दही होत नाही, मंग खरंच क्रेडिट नोटशिवाय रस्ता नव्हता. कायद्यानं दुरुस्तीला पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे हे मलाही माहीत आहे, पण म्हणून "पाहू मार्चात" असं नका करू.

घाई काहून करतो तेही सांगतो. माझं 3बी 20 तारखेला आहे, म्हणजे शनिवारी. नोव्हेंबरात गहू-हरभऱ्याच्या पाण्यासाठी पाईप चांगले गेले, आन आमच्याकडं शेतकरी पक्कं बिल मागतेच, महाडीबीटीवर पाईपाच्या अनुदानाला बिल जोडावं लागते ना. त्यामुळे माझी विक्री पूर्ण कागदावर आहे, त्यावरचा टॅक्स या महिन्यात भरावाच लागते, आन तुमच्या बिलाचं 30,060 त्यातून वजा व्हायचं ते होणार नाही. तेवढे मी खिशातून भरतो, त्याचं काही नाही, पुढच्या महिन्यात वळते होतीन. पण जानेवारीतही दिसलं नाही तर मंग जड जाईन, आमचा धंदा काही एवढा मोठा नाही जी.

दर्यापूरवाल्यांचं तुम्हीच पाहा. त्यांना मी फोन केला नाही, ते तुमचे गिऱ्हाईक आहेत, मधात मी बोलणं शोभत नाही. पण आजच बोला, कारण त्यांच्या सीएनं डोळे झाकून क्रेडिट घेऊन टाकलं तर पुढं त्यांनाच व्याजासकट वापस करावं लागंल. पोर्टलवर त्या आयएमएसमध्ये जाऊन त्यांनी हे बिल रिजेक्ट केलं का झालं, 3बी भरायच्या आत करता येते. बिचाऱ्यांची यात काहीच गलती नाही.

ई-वे बिलाचं आता काही होत नाही. एक लाखाच्या वरचा माल म्हणून तुम्ही ते काढलं होतं, त्याच्यावरही दर्यापूरच आहे, आन ते रद्द करायचे 24 तास कधीचेच गेले. पण तुम्हीच विचार करा, दर्यापूर अमरावतीच्या त्या अंगाला, आन गाडी इकडं नेरवरून यवतमाळकडं चाललेली. ड्रायव्हरजवळ बिल दर्यापूरचं न बिल्टी आर्णीची. रस्त्यात स्क्वाडनं गाडी थांबवली असती तर टॅक्सच्या दुप्पट दंड म्हणजे साठ हजाराच्या वर आकडा जाते, आन तो भरेपर्यंत गाडी तिथंच. त्या ड्रायव्हरला तर काही माहीतच नव्हतं, तो चहा पिऊन आरामात आला. पुढच्या वेळी गाडी सुटायच्या आधी बिलाचा फोटो मला व्हाट्सअपवर टाकत जा, दोन मिनिटात पाहून सांगतो.

सध्या माझ्याकडं फाईलला ट्रान्सपोर्टची बिल्टी आहे, त्यावर आमचं नाव न आर्णी बरोबर आहे, माल उतरवल्याची पोच आहे, आन मी आरटीजीएस केलेल्या 1,50,000 ची बँकेची एंट्री आहे. तिन्हीचे फोटो जोडले आहेत. तुमच्या सीएनं "खरंच माल आर्णीलाच गेला काय" म्हणून विचारलं तर त्यांना हेच दाखवा.

पैशाचं स्पष्टच बोलतो, राग मानू नका. तुमचे 47,060 बाकी आहेत. त्यातले 17,000 आज दुपारी टाकून देतो. राह्यलेले 30,060 म्हणजे बरोबर टॅक्सचे तेवढे, ते अमेंडमेंट माझ्या 2बी त दिसली का त्याच दिवशी सोडतो. तुमच्यावर भरोसा नाही असं नाही, इतक्या वर्षांचा व्यवहार आहे, पण तेवढे मी एकदा सरकारला भरून राह्यलो, परत तुम्हालाही दिले तर माझ्याकडं दुकान चालवायला काय राहीन.

तर दुरुस्त बिलाची पीडीएफ या शुक्रवारपर्यंत याच मेलवर देजा, सही-शिक्क्याची मूळ प्रत पुढच्या गाडीसोबत आली तरी चालते. आन 9ए त टाकलं का ताईंनी मला त्या पानाचा एक स्क्रीनशॉट पाठवावा. त्यांना रागावू नका बरं, महिनाअखेर नसूनही त्यांच्याकडं किती बिलं असतात ते मी तुमच्या ऑफिसात बसून पाह्यलं आहे.

75 एमएमचे पाईप संपत आले, आणखी 100 नग लागतीन. भाव तोच आहे का ते कळवा, आन ते बिल मात्र लेजर सुधरवल्यावरच बनवा.

विलास वानखडे
श्री गजानन ट्रेडर्स, आर्णी
16 डिसेंबर 2025

सोबत: चुकीच्या बिलाची प्रत, जीएसटी सर्टिफिकेट, बिल्टी, माल पोच, बँकेची एंट्री