आई-बाबांच्या लग्नाची पन्नाशी : फिल्मचा आराखडा

ताई, दादा, वहिनी आणि मस्कतला बसलेले भाचेसाहेब,

कार्यक्रम शनिवारी, ९ मे २०२६ ला संध्याकाळी, दादरच्या हॉलवर. जेवणाआधी फिल्म, वीस मिनिटांची. दादा चाळीस म्हणत होता, पण पाहुण्यांतले निम्मे सत्तरीपुढचे, त्यात डायबेटिसवाले कितीतरी. त्यांना ताटकळत ठेवून काही दाखवायचं नाही. फोनवर बोलून बोलून सगळं विखुरलंय, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

पहिलं ठरवायचं ते सूत्र. एकामागे एक फोटो आणि मागे गाणं, हे प्रत्येक हॉलवर लागतं आणि लोक त्या वेळात शेजारच्याशी बोलून घेतात. आपल्याकडे फोटो आहेत, माणसं बोलायला तयार आहेत, पण दोन्ही बांधणारा एक धागा हवा. माझ्या मते तो आईची खानावळीची वही.

ताईने ती मागच्या दिवाळीत माळ्यावरून काढली. लाल कापडी बांधणीची, लांबट, १९७८ ते १९८२ ची. डावीकडे खाणावळ्यांची नावं, पुढे तारखांच्या चौकटी, जेवला की टिंब आणि खाडा केला की फुली. हिशेब आई तोंडाने सांगायची, लिहायचे बाबा, तेही रातपाळी करून आल्यावर. काही पानांवर बेरीज अर्धवट राहिलीय आणि पेन्सिलीची रेघ खाली घसरत गेलीय. झोप लागली असणार. १९८२ च्या जानेवारीत बावीस नावं आहेत. मार्चपासून एकेका नावापुढे टिंब आणि फुली दोन्ही थांबतात आणि ‘गावी’ एवढंच लिहिलेलं दिसतं. जूनच्या पानावर सहा माणसं उरलीत. त्यानंतर वही कोरी.

त्या वहीतली आकडेमोड आईची आणि अक्षर बाबांचं. दोघांचा संसार एकाच वस्तूत दाखवायचा तर आपल्या घरात याहून चांगलं काही नाही. शिवाय आल्बममध्ये १९८२ ते ८४ चा एकही फोटो नाही. हातात पैसा नव्हता, फोटो काढणार कोण? नेमकी तिथेच वही आणि माणसांचे आवाज कामाला येतील.

निवेदन ताईने करायचं. दादाचा आवाज भारदस्त आहे हे मान्य, पण तो निवडणुकीच्या रिक्षातून आल्यासारखा वाटतो. ताईचा जन्म १९७७ चा, १९८२ चा गिरणी संप तिला पाच वर्षांच्या मुलीच्या नजरेतून आठवतो. ‘मी’ म्हणण्याचा हक्क तिचाच. सुरुवातीचा कच्चा मजकूर असा लिहिलाय. ताई, मोठ्याने वाच आणि जीभ अडखळेल तिथे बिनधास्त खोड.

“ही वही आईची. अक्षर बाबांचं. पहिल्या पानावर तारीख आहे, २ ऑक्टोबर १९७८. त्या दिवशी आमच्या परळच्या खोलीत पाच माणसं जेवायला बसली. खोली दहा बाय बारा. पाचजण जेवत असताना मला गॅलरीत बसवलेलं असायचं. पण ही वही सुरू होण्याआधी अडीच वर्षं, संगमेश्वर तालुक्यातल्या एका अंगणात मांडव पडला होता.”

आणि तिथून लग्नाचे फोटो. ते आपल्याकडे अकरा आहेत, काकांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेले. त्या कॅमेऱ्यात १२० चा रोल जायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. बारावा गेला कुठे, हे काकांना कॅमेऱ्यासमोरच विचारायचं. उत्तर काहीही आलं तरी ते चालेल. अंतरपाटाचा फोटो हलला आहे, पण तोच मोठा करून वापरायचा. त्यात आईच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्यात आणि मागे आत्या तोंडावर हात धरून हसतेय.

संपाबद्दल ताईच्या तोंडी दोनच वाक्यं असतील. “१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले गिरणी कामगार संपावर गेले. अडीच लाखांच्या आसपास माणसं, आणि त्यातले एक साचाखात्यातले आमचे बाबा.” बास. कुणाचं बरोबर नि कुणाचं चुकलं यात शिरायचं नाही. बाबा आणि काका त्यावर अजून भांडतात, आणि त्या दिवशी दोघांना शेजारी बसून जेवायचंय. यानंतर वहीची पानं एकेक करून उलटायची, वर निवेदन नाही, फक्त कागदाचा आवाज. ‘गावी’ हा शब्द लोकांना स्वतःच वाचू दे.

मग आईचा आवाज. खानावळ बसल्यावर तिने पोळ्यांच्या ऑर्डरी कशा धरल्या, पहिली ऑर्डर कुणाची, बाबा भाजी बाजारातून स्वस्तात काय आणायचे. तिला अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दलही विचारायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून ते काढलं आणि बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आई त्यांच्या बैठकीला जायची एवढं मला माहीत आहे. कर्ज घेतलं होतं का, हे तिच्याच तोंडून येऊ दे.

मुलाखती कुणाच्या? आत्या, काका, ठाण्याची मावशी आणि चिपळूणचे बुवा. बुवा आपले नातेवाईक नाहीत असं म्हणून वहिनींनी शंका काढली होती. पण वहीतलं तिसरं नाव त्यांचं आहे, चार वर्षं ते आईच्या हातचं जेवले, आणि जूनच्या पानावरच्या सहांत ते आहेत. बाहेरच्या माणसाने सांगितलेलं घरच्यांच्या कौतुकापेक्षा जास्त धरतं. शिवाय त्यांच्याकडून पेटीवर एक अभंग रेकॉर्ड करून घेऊ. तोच संपूर्ण फिल्मला संगीत म्हणून पुरेल. सिनेमाची गाणी घातली तर नंतर यूट्यूबवर टाकताना हक्काची कटकट होते.

आत्या आणि बुवा शिमग्याला, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला, उरकायचे. तेव्हा आपण गावी जाणारच. पालखी दारात येते त्या दिवशी ढोलाच्या आवाजात काही ऐकू येणार नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळी. आत्याला अंगणात बसवू, जिथे मांडव होता तिथेच. दुपारचं ऊन टाळायचं.

आई आणि बाबा वेगवेगळे. एकत्र बसवले की बाबा बोलतात आणि आई पदर सावरत ‘हो ना’ म्हणते. आईला खुर्चीवर बसवून कॅमेरा रोखला तर ती दोन वाक्यांत आटपेल. तिला स्वयंपाकघरातच, तांदूळ निवडत असताना बोलतं करायचं. त्या वेळी मिक्सर, कुकर, पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायची जबाबदारी दादाची. कॉलरचा माइक आईच्या पदराखाली घासतो, तो खांद्याजवळ पिनेने लावायचा. बाबा डोंबिवलीच्या घरात सकाळी खिडकीशी. लोकल जाते तेव्हा थांबायचं. ट्यूबलाइट लावावीच लागली तर फोनवर २५ फ्रेम आणि शटर १/५०, नाहीतर चित्र लुकलुकतं.

प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज फिल्ममध्ये येणार नाही. म्हणून ‘लग्नाआधी भेटला होतात का?’ ‘नाही,’ हे उत्तर निरुपयोगी. ‘बाबा, “मी हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा” असं धरून सांगा,’ म्हणायचं. मोठे प्रश्न टाळा. ‘सुखी संसाराचं रहस्य काय?’ विचारलंत तर ‘तडजोड’ असं पुस्तकी उत्तर येईल आणि सगळे माना डोलावतील. त्यापेक्षा : लग्नाला साखर कुठून जमवली? आईने पहिल्यांदा मुंबईत नळाला नंबर लावला तेव्हा पुढे कोण होतं? रातपाळीहून आल्यावर बाबा कुठे झोपायचे, खोलीत तर माणसं जेवत असायची? उत्तर संपलं वाटलं की मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. चांगलं वाक्य बहुधा त्यानंतर येतं. प्रत्येक ठिकाणी शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा, जोडताना लागते.

एक नाजूक गोष्ट. १९८३ साली आईने पाटल्या गहाण टाकल्या, हे तिने फक्त ताईला सांगितलंय. ताई, तू कॅमेरा नसताना विचार. ती हो म्हणाली तरच घ्यायचं, आणि त्याआधी बाबांना तिनेच सांगितलेलं असलं पाहिजे. भर हॉलमध्ये त्यांना पडद्यावरून कळायला नको. परळची खोली विकल्याचा विषय मात्र पूर्ण बाद.

फोटोंचं काम फेब्रुवारीत संपवायचं. छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन. १९८९ च्या रंगीत आल्बमची पानं चिकट आहेत, त्यातले फोटो नखाने उचकटू नका. मागून दात साफ करायचा दोरा हळूच सरकवा, नाहीच निघाला तर प्लास्टिक वर करून पानासकट स्कॅन करा. फोटोच्या मागचा मजकूरही स्कॅन करा, काकांनी तारखा लिहिल्यात. भाचेसाहेब, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवलास तर त्याचा चुरा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. फाइलची नावं अशी, म्हणजे शोधता येतील:

```
1976_lagna_03.tif
1978_vahi_pan_01.tif
1989_ganpati_07.tif
```

ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आधी उघडून बघा. आत पांढरी बुरशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, थेट दुकानात द्या.

हिशेब साधारण असा : सत्तरएक फोटो, प्रत्येकी पाच-सहा सेकंद, म्हणजे सहा-सात मिनिटं. निवेदन सातशे शब्दांच्या आत, तेही तितकाच वेळ घेईल, पण बरंचसं फोटोंवरच येईल. उरलेला वेळ माणसांचा आणि वहीचा. १९९० नंतरची पस्तीस वर्षं मी तीन मिनिटांत उरकणार आहे. नातवंडांचे वाढदिवस सगळ्यांनी फेसबुकवर पाहिलेत. दादा, ड्रोनचं नाव काढू नकोस.

शेवटी दोघं एकत्र, पहिल्यांदाच. त्यांच्यासमोर वही ठेवायची आणि काही विचारायचं नाही. पान उलटून ते नावं वाचतील, कोण कुठे गेला यावर वाद घालतील. त्यातलं जे बरं असेल ते घ्यायचं. निवेदन त्याआधीच संपलेलं असेल.

फिल्म होतेय हे दोघांना सांगायचं, लपवण्यात अर्थ नाही. फक्त तयार झालेली आधी दाखवायची नाही.

१० एप्रिलनंतर नवा फोटो घेणार नाही, मग तो कितीही गोड असो. सगळं दोन हार्ड डिस्कवर आणि एक प्रत ड्राइव्हवर. २ मेला हॉलवर चालवून बघू : प्रोजेक्टर, एचडीएमआयची लांब केबल आणि मुख्य म्हणजे स्पीकर, कारण तिथल्या स्पीकरवर बोलणं घुमतं. घुमलंच तर आत्या आणि बुवांच्या बोलण्याखाली मराठीतच ओळी टाकू. वहिनी, त्या टाइप करायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

ज्याला जे पटत नाही त्याने रविवारपर्यंत सांगा. स्कॅनर माझ्याकडे आहे, वही ताईकडेच राहू दे.

— धाकटा