पाण्याबाहेरचा क्षण

ओढ्याकाठच्या लपणात बसण्याचा तिचा तो तेविसावा दिवस होता. छोटा खंड्या रोज येई, त्याच वाळक्या फांदीवर बसे आणि सूर मारून क्षणात परते. मात्र ६०० मिमीच्या लेन्समधून इतक्या जवळून टिपताना फोकसची खोली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच मिळत असल्याने आतापर्यंतच्या शेकडो फ्रेममध्ये कधी चोच स्पष्ट येई आणि डोळा धूसर, तर कधी नुसतेच पाण्याचे शिंतोडे. डोळा धारदार नसेल तर ते चित्र तिच्या लेखी नव्हतेच.

त्या सकाळी ऊन थेट पाण्यावर उतरल्यावर तिने शटरचा वेग १/४००० सेकंद केला आणि, पक्ष्यामागे लेन्स फिरवण्याचा मोह आवरून, तो जिथून वर येतो त्या जागेवर फोकस पक्का केला. पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी ती हलली नाही.

फांदी रिकामी झाली. तिचे बोट आपसूक दाबले गेले.

पडद्यावर तिने चित्र पूर्ण मोठे करून पाहिले. चोचीत आडवा धरलेला मासा, त्याचे सुटे सुटे खवले, पिसांवरून निसटणारा थेंब आणि काळ्याभोर डोळ्यात उमटलेला पलीकडचा काठ. तिचे हात थरथरत होते. खंड्या फांदीवर परतून मासा आपटू लागला, तेव्हा तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी त्याला पाहत राहिली.