मराठवाड्याची वारसा-सहल: परांड्यापासून पैठणपर्यंत, 9 ते 19 डिसेंबर

काका, काकू, नमस्कार.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आधी वेरूळ-अजिंठा उरकून घेऊ, मग वेळ उरला तर बाकीचं बघू." मी मुद्दाम उलटा क्रम लावला आहे. कैलास लेणं पाहिल्यावर तेरच्या विटांच्या देवळासमोर माणूस दहा मिनिटंही थांबत नाही, हे मी पाहुण्यांच्या बाबतीत नेहमी पाहतो. म्हणून दक्षिणेकडून सुरुवात करू. धाराशिव, लातूर, नांदेड, हिंगोली, परभणी, जालना असं करत संभाजीनगरला पोहोचायचं आणि पैठणहून पुण्याला परतायचं. वाट गोल आहे, त्यामुळे पाहिलेला रस्ता पुन्हा कापावा लागणार नाही.

वार जुळवताना तीन गोष्टी पाहिल्या. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला दर्शनाची रांग फार लांबते. त्यामुळे दिवस मागेपुढे करायचे झाले तर आधी मला विचारा.

बुधवार, 9 डिसेंबर. परांडा

पहाटे पाचला पुणे सोडा. टेंभुर्णी-कुर्डुवाडीवरून परांड्याला अकरापर्यंत पोहोचाल. हा भुईकोट आहे, चढण नाही, काकूंनाही आरामात फिरता येईल. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं, तेव्हा मलिक अंबरने मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवून कारभार इथून सुरू केला. म्हणजे काही काळ ही निजामशाहीची राजधानी होती. विजापूरला तुम्ही पाहिलेली मलिक-ए-मैदान तोफसुद्धा आधी इथेच होती, 1632 मध्ये ती विजापूरला नेली. ती गेली, तरी बुरुजांवर अजून मोठाल्या तोफा आहेत. त्यांच्यावरचे लेख आणि नक्षी जवळून पाहा. मुक्काम तुळजापूर.

गुरुवार, 10. तुळजापूर आणि नळदुर्ग

भवानीचं दर्शन पहाटेच घ्या. नऊपर्यंत नळदुर्गला निघा, अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास आहे.

नळदुर्गला अख्खा दिवस ठेवला आहे आणि तो कमी करू नका. बोरी नदीला किल्ल्याच्या तटातच बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला, तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 चं हे काम. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी दोन सांडव्यांनी पडतं, लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. डिसेंबरात ते कोसळताना दिसणार नाहीत, पण त्या बदल्यात महालात निवांत उतरता येईल. पाणी डोक्यावरून जात असताना आतली माणसं कोरडी राहतील अशी रचना त्यांनी कशी केली, हे काका, तुमच्यासारख्या पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसानेच मला समजावून सांगायला हवं. संरक्षण, पाणीसाठा आणि विलास, तिन्ही कामं एका भिंतीकडून करून घेतलेली मी मराठवाड्यात दुसरीकडे पाहिली नाहीत. नंतर नवबुरुज पाहा आणि जमलं तर उपळी बुरुजावर चढा. त्याच्या पायऱ्या उंच आहेत, काकूंनी खालीच थांबलेलं बरं. मुक्काम धाराशिव.

शुक्रवार, 11. तेर

माझ्या लेखी या सहलीचा सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं दिलं आहे. सातवाहनांच्या काळात इथला माल पैठणमार्गे भडोचला आणि तिथून गलबतांतून पश्चिमेला जात असे.

आधी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय, मग देवळं. हा क्रम पाळाच. लामतुरे हे इथलेच. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. भाजक्या मातीच्या आणि केओलिनच्या मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या बघत सावकाश फिरा. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे. इटलीत पोंपेईच्या राखेखाली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं अभ्यासक जोडतात. पोंपेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं ते इसवी सन 79 मध्ये. हे लक्षात ठेवून बाहेर पडलं की गावातली प्रत्येक पांढरी वेगळी दिसायला लागते.

त्यानंतर त्रिविक्रमाचं देऊळ. मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठाकार, सगळं विटांचं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी मांडलं होतं. चैत्यगृह आपण डोंगरात कोरलेलं पाहतो, सपाट जमिनीवर विटांनी रचलेलं उभं राहिलेलं फारच थोडं उरलं आहे. देवळाला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला, मागची गोलाई पाहिल्याशिवाय परतू नका. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. त्याची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात आहे, ती सकाळी पाहिलेली असेलच. शेवटी गोरोबाकाकांच्या समाधीला जाऊन संध्याकाळी लातूरला घरी या. दोन रात्री मुक्काम आमच्याकडेच, हॉटेल शोधू नका.

शनिवार, 12. खरोसा आणि निलंगा

मी सोबत आहे. औसा ओलांडून खरोशाची लेणी, जांभ्या दगडात कोरलेली. दगड मऊ, त्यामुळे शिल्पं झिजली आहेत, तरी रावण, नरसिंह ओळखू येतात. वेरूळची शैव लेणी पाहण्याआधी हे पाहून ठेवलं तर तिकडचे प्रसंग पटापट लागतात. दुपारी निलंग्याचं नीलकंठेश्वर. तीन गाभारे, तारकाकृती मांडणी आणि बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी. ऊन तिरकं झाल्यावर, चारनंतर, भिंत उजळते.

अंबाजोगाई आणि धर्मापुरी यात बसवली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पण मुकुंदराज, दासोपंत, योगेश्वरी आणि धर्मापुरीचा केदारेश्वर हे घाईत करायचं काम नाही. उन्हाळ्याआधी पुन्हा या, तेव्हा तिकडे जाऊ.

रविवार, 13. उदगीर, कंधार, नांदेड

दिवस लांब आहे, साडेसहाला निघायचं. उदगीरचा किल्ला पाहताना एक तारीख डोक्यात ठेवा, 3 फेब्रुवारी 1760. सदाशिवरावभाऊंनी या परिसरात निजामाला नमवलं आणि तहात देवगिरी, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर मराठ्यांना मिळालं. त्या विजयानंतर उत्तरेच्या मोहिमेवर भाऊच गेले आणि वर्षाच्या आत पानिपत झालं. पाच दिवसांनी तुम्ही देवगिरी चढाल, तेव्हा तो ज्या लढाईमुळे हाती आला ती जागा पाहिलेली असेल.

कंधार हा मला मनापासून आवडणारा भुईकोट. पाण्याने भरलेला रुंद खंदक, एकामागून एक दरवाजे. गाव त्याहून जुनं, राष्ट्रकूटांच्या वैभवातलं. जवळचा मोठा तलाव जगत्तुंगसागर म्हणून ओळखला जातो. मानसपुरीला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष आहेत. नुसती पावलं पाहिली तरी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज येतो. ज्या घराण्याने कैलास कोरवून घेतलं, त्यांचं हे नगर. नांदेडला मुक्काम. सचखंड हुजूर साहिबला रात्री जाऊन या. गुरू गोबिंदसिंगजींचं निर्वाण 1708 मध्ये इथे झालं, आणि आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1830 नंतरच्या दशकात बांधवली.

सोमवार, 14. औंढा नागनाथ, चारठाणा

सोमवार असल्याने औंढ्याला गर्दी असेल, सकाळी आठच्या आत पोहोचा. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि वाट अरुंद, वाकून उतरावं लागतं. काकूंना गुडघ्यांचा त्रास होत असेल तर वरूनच नमस्कार करावा, बाहेरचं शिल्पकाम पाहण्यातही तास सहज जातो. खालचा कोरीव भाग यादवकाळातला आणि वरचं बांधकाम नंतरचं, हा फरक लांबूनही कळतो. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथेच. पुढे जिंतूरच्या रस्त्यावर चारठाण्याची मंदिरं आणि उंच दगडी स्तंभ पाहून जालन्यावरून संभाजीनगर. पोहोचायला रात्र होईल.

मंगळवार, 15. शहर

आराम करा. दुपारनंतर विद्यापीठाजवळच्या सोनेरी महालातलं पुरातत्त्व संग्रहालय, पाणचक्की आणि संध्याकाळच्या उजेडात बीबी का मकबरा. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी नावाने हे शहर वसवलं आणि जमिनीखालून नहरी आणून त्याला पाणी दिलं. पाणीमहाल पाहून आलेल्या माणसाने पाणचक्कीवर नक्कीच रेंगाळावं.

बुधवार, 16. अजिंठा

सहाला निघा, शंभर किलोमीटर आहे. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने पुढे जायचं. काकूंसाठी डोली मिळते, संकोच न करता घ्या. लेणी क्रमांकाने पाहू नका. आधी 9 आणि 10, ही इसवी सनापूर्वीची. मग 16, 17, 1, 2, ही पाचव्या शतकातली, वाकाटक हरिषेणाच्या काळातली. 16 क्रमांकाचं लेणं त्याचा अमात्य वराहदेव याने दान दिलं. शेवटी 26 मधलं बुद्धाचं महापरिनिर्वाण. अशा क्रमाने पाहिलं की स्तूपापुढे हात जोडण्यापासून बुद्धाच्या मूर्तीपर्यंतचा प्रवास डोळ्यांपुढे उलगडतो. आत अंधार असतो. लेण्यात शिरल्यावर काही मिनिटं नुसतं उभं राहा, रंग हळूहळू दिसू लागतात.

गुरुवार, 17. वेरूळ आणि खुलताबाद

सकाळी 10 आणि 12, मग 15, जिथे दंतिदुर्गाचा लेख आहे, आणि त्यानंतर 32. कैलास दुपारी तीननंतर ठेवा, ते पश्चिमाभिमुख असल्याने तेव्हा दर्शनी भागावर ऊन असतं. वरून खाली कोरत आणलेलं हे काम पहिल्या कृष्णाच्या काळातलं. अंगणात शिरल्यावर लगेच आत जाऊ नका, आधी चारही बाजूंनी फिरा. घृष्णेश्वर अहिल्याबाईंनी नव्याने बांधलं. गाव भोसल्यांचं, मालोजीराजांचं. परतताना खुलताबादला औरंगजेबाची साधी कबर आणि मलिक अंबरचा मकबरा, दोन्ही पाहा. परांड्यापासून ज्याचं नाव येत राहिलं तो माणूस शेवटी इथे भेटतो.

शुक्रवार, 18. देवगिरी

सकाळी दार उघडताच चढा, उन्हात ही चढण जड जाते. 1187 च्या सुमारास भिल्लम यादवाने राजधानी केली, 1296 मध्ये अल्लाउद्दीनची स्वारी झाली, 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्ली इकडे हलवली. भारतमाता मंदिरातल्या खांबांकडे नीट पाहा, ते जुन्या देवळांचे आहेत. चांदमिनार, अबुल हसन तानाशहाला कैदेत ठेवलं होतं तो चिनी महाल, मेंढा तोफ. अंधारी या काळोख्या भुयारी वाटेत विजेरी लागेल, वटवाघळं असतात. काकूंनी चिनी महालापर्यंत यावं आणि तिथे सावलीत बसावं. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते, म्हणून उद्याचं पैठण आजच्या पाठोपाठ ठेवलं आहे.

शनिवार, 19. पैठण आणि परत

नाथांची समाधी, नागघाट, तीर्थखांब, बाळासाहेब पाटील संग्रहालय. तेरमध्ये पाहिलेल्या मण्यांची आणि मातीच्या मूर्तींची भावंडं इथे सापडतील. काकूंना पैठणी विणताना पाहायची आहे, त्याला तासभर वेगळा ठेवला आहे. दुपारी दोनला शेवगाव-अहिल्यानगर रस्त्याने निघालात की रात्री घरी.

वेरूळ-अजिंठ्याची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. विजेरी, टोपी आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्या गाडीतच ठेवा. ड्रायव्हरला सोमवारी जास्त विश्रांती द्या, त्या दिवशीचं अंतर मोठं आहे. तेर संग्रहालयाच्या वेळा मी आदल्या आठवड्यात फोन करून पक्क्या करतो आणि कळवतो.