रुई, सुरवंट आणि 'सहउत्क्रांती' हा शब्द वापरायचा कधी (केमिकल इकॉलॉजी सेमिनार, सारांश)

शुक्रवारच्या सेमिनारला बोलायचंय त्याचा हा सारांश, आधी वाचून या म्हणजे स्लाइड्सवर कमी आणि भांडणावर जास्त वेळ देता येईल. भांडणाचा मुद्दा आत्ताच सांगते. झाडाकडे विष आहे आणि अळीकडे त्यावर तोड आहे, एवढं दिसलं की आपण लगेच सहउत्क्रांती म्हणून मोकळे होतो. पण अळीनं तोड काढल्यावर झाडानं पुढे काय केलं, हे किती केसेसमध्ये खरंच दाखवलंय? फारच थोड्या.

सुरुवात नेहमीचीच. 1959 मध्ये फ्रँकेलनं मांडलं की झाडातली ही 'दुय्यम' रसायनं म्हणजे चयापचयाचा कचरा नाही, ती कीटकांविरुद्ध आहेत. मग 1964 मध्ये एर्लिक आणि रेव्हन यांनी फुलपाखरांचे गट आणि त्यांची खाद्यझाडं समोरासमोर ठेवून चित्र काढलं: एखाद्या झाडात नवीन रसायन येतं, कीटकांपासून सुटका होते, त्या झाडाच्या प्रजाती फोफावतात, मग एखादा कीटक ते विष पचवायला शिकतो आणि मोकळ्या रानात तोही फोफावतो. आयडिया भन्नाट आहे, पण त्यात कुठल्या एका झाडाच्या आणि कुठल्या एका कीटकाच्या लोकसंख्येत निवड होताना दिसते असं काही नाही. 1980 मध्ये जॅन्झेननं नेमकं इथेच बोट ठेवलं: अ मुळे ब बदलला पाहिजे आणि बच्या त्या बदलामुळे अ पुन्हा बदलला पाहिजे, नुसती जोडी जुळतेय म्हणून सहउत्क्रांती म्हणू नका, कारण कीटक तयार तोड घेऊन नंतरही आलेला असू शकतो. माझ्या मते आजही ही सगळ्यात कामाची चाळणी आहे.

आता रुई. आपल्याकडे माळरानावर, रेल्वेलाइनच्या कडेला कुठेही असते, पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. त्यात कार्डेनोलाइड्स असतात, ती पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात, म्हणजे हृदय आणि नसा दोन्ही गारद. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराची अळी शोधा आणि ती खाताना बघाच. आधी शिरेला चावे घेऊन चिकाचा पुरवठा तोडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग कापाच्या पलीकडचा भाग निवांत खाते. ही झाली वागण्यातली तोड. रेणूच्या पातळीवरची तोड तिच्या अमेरिकेतल्या नातेवाइकात, म्हणजे रुईच्याच कुळातलं मिल्कवीड खाणाऱ्या मोनार्क फुलपाखरात, सगळ्यात नीट तपासली गेलीय. त्याच्या पंपाच्या प्रथिनसाखळीत 122 व्या जागी अ‍ॅस्परॅजीनऐवजी हिस्टिडीन आहे, शिवाय 111 आणि 119 या जागाही बदलल्यात. 2012 मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी दाखवलं की कार्डेनोलाइड खाणाऱ्या अगदी लांबलांबच्या कीटकांत, भुंगेरे, झाडांवरचे ढेकूण, फुलपाखरं सगळ्यांत, याच ठरावीक जागा पुन्हापुन्हा बदलल्यात. आणि 2019 मध्ये क्रिस्परनं हे बदल चक्क फळमाशीत घातले. गंमत अशी की 122 चा बदल एकटाच टाकला तर माशी विष झेलते पण तिच्या नसा बिघडतात, जोराचा धक्का बसला की लुळी पडते, आणि 119 चा बदल सोबत असेल तर तो त्रास कमी होतो, म्हणजे प्रतिकार फुकट मिळत नाही आणि बदल कुठल्या क्रमाने येतात त्याला महत्त्व आहे. हा पेपर मूळ वाचाच, स्लाइडवर मजा येत नाही.

पण हे सगळं कीटकाच्या बाजूचं झालं. झाडानं काय केलं? 2008 मध्ये अग्रवाल आणि फिशबाइन यांनी मिल्कवीडच्या प्रजातींचा वंशवृक्ष बघितला तर नवनव्या शाखांत कार्डेनोलाइड आणि चीक वाढण्याऐवजी कमी होत गेलेला दिसला आणि खाल्ल्यावर पुन्हा फुटण्याची क्षमता वाढलेली दिसली. म्हणजे शस्त्रस्पर्धेत झाड एका अर्थी म्हणालं, खा बाबा, मी परत फुटतो. दुसरीकडे 2021 च्या कामात व्होरुशारिन नावाचं नायट्रोजन-गंधक असलेलं कार्डेनोलाइड मोनार्कलाही महागात पडतं असं दिसलं, अळी त्याचं रूपांतर करून साठवते पण वाढीत किंमत मोजते. हा झाडाचा प्रतिटोला असू शकतो, पण 'असू शकतो' इतकंच, म्हणून ही केस मी अर्धीच मानते.

कोबी-मोहरी वर्गावर थोडक्यात. मुळा किसला की नाकात जातो तो झणका म्हणजे ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज हे एरवी वेगळे ठेवलेले दोन घटक एकत्र आल्याचा परिणाम. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग सल्फेटेज वापरून ग्लुकोसिनोलेट आधीच निकामी करतो, पांढऱ्या फुलपाखराची अळी एका वेगळ्या प्रथिनानं अभिक्रिया कमी विषारी नायट्राइलकडे वळवते, एकाच विषावर दोन वेगळ्या वाटा. शिवाय या कीटकांची मादी अंडी घालायची जागा याच रसायनांवरून ओळखते, म्हणजे झाडाचं हत्यारच त्याचा पत्ता झालं. 2015 च्या जीनोम अभ्यासात झाडाच्या बाजूला जनुकांच्या दुप्पटीकरणातून नवीन ग्लुकोसिनोलेट्स आणि त्यामागोमाग फुलपाखरांत नव्या शाखा असं दिसतं, पण तो कोट्यवधी वर्षांचा हिशोब आहे, जॅन्झेनच्या चाळणीतून तो थेट जात नाही.

चाळणीतून सगळ्यात नीट जाते ती वाइल्ड पार्सनिप, गाजराच्या कुळातली, आणि तिच्या फुलोऱ्यात जाळं विणून राहणारी वेबवर्म अळी. झाडाचं हत्यार फ्युरॅनोकौमारिन्स, अतिनील प्रकाशात ती डीएनएला चिकटतात. अळी ती पी450 एन्झाइम्सनी मोडते. इथे दोन गोष्टी जुळून आल्यात. एक, झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि अळी फुलं आणि बियाच खाते, त्यामुळे नुकसान थेट पुढच्या पिढीत मोजता येतं. दुसरं, पार्सनिप युरोपातून अमेरिकेत आधी गेली, अळी खूप नंतर, 1860 च्या दशकात पोचली. बेरेनबॉम आणि झँगर्ल यांनी 2005 मध्ये हर्बेरियममधले 152 वर्षांचे वाळलेले नमुने तपासले, अळी यायच्या आधीच्या अमेरिकन झाडांत फ्युरॅनोकौमारिन कमी, आल्यानंतर वाढलेलं. त्याआधी 1998 मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की मिडवेस्टमधल्या चारपैकी तीन ठिकाणी झाडांचे रासायनिक प्रकार आणि अळ्यांच्या पचवण्याच्या क्षमता यांचं प्रमाण एकमेकांशी जुळतं. चौथ्या ठिकाणी जुळत नाही, आणि मला तर तेच जास्त आवडतं, कारण थॉम्पसन म्हणतो तसं सहउत्क्रांती सगळीकडे सारखी तापलेली नसते, काही जागा गरम असतात, काही थंड.

घाटे अळीचं काय असा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. हरभऱ्यापासून कपाशीपर्यंत सगळं खाणारी ही अळी, झाडाच्या पचन अडवणाऱ्या प्रोटिएज इन्हिबिटरसमोर आतड्यातली एन्झाइम्स बदलते, आणि तिची अमेरिकन चुलत बहीण तर झाडाचा जॅस्मोनेटचा धोक्याचा सिग्नल चोरून ऐकते आणि विष यायच्या आधीच पी450 चालू करते (2002 चं काम). प्रति-अनुकूलन म्हणून एक नंबर. पण शेतातल्या हरभऱ्याचं बी कुठलं पुढे जाणार हे अळी कमी आणि ब्रीडर जास्त ठरवतो, झाडाचा परतीचा डाव माणसाच्या हातात गेलाय. मी याला सहउत्क्रांती म्हणणार नाही, प्लांट ब्रीडिंगवाल्यांनी शुक्रवारी खोडून काढावं.

चर्चेसाठी एकच काम देते. रुई आणि प्लेन टायगर या जोडीत झाडाची परतीची चाल दाखवायची तर डेटा कुठला लागेल ते प्रत्येकानं चार ओळींत लिहून आणा. पार्सनिपसारखा 'अळी नव्हती तेव्हा' असा काळ इथे मिळणार नाही, दोघंही मुळात इथलेच, त्यामुळे काळाऐवजी जागांची तुलना करावी लागेल आणि त्यात रुई खाणारा रंगीत नाकतोडाही मोजावा लागेल, नाहीतर निवड कोण करतंय तेच कळणार नाही.