मांडवीवरचे जोड इंद्रधनुष्य

दिवारच्या फेरीबोटीतून जुलैच्या एका संध्याकाळी सहाच्या सुमारास टिपलेल्या या छायाचित्रात नदीपलीकडच्या माडांवर दोन कमानी दिसतात. आतली ठळक आहे आणि तिचा तांबडा रंग बाहेरच्या कडेला आहे. बाहेरची फिकट असून तिचा तांबडा आतल्या कडेला आहे. बाहेरची कमान म्हणजे आतलीचे प्रतिबिंब आणि म्हणून रंग उलटे, असे सर्रास सांगितले जाते, पण ते चुकीचे आहे. दोन्ही कमानी पावसाच्या वेगवेगळ्या थेंबांमधून, सूर्यप्रकाशापासून थेट तयार होतात.

थेंबात शिरताना प्रकाशाचे अपवर्तन होते, आत परावर्तन होते आणि बाहेर पडताना पुन्हा अपवर्तन होते. आतल्या कमानीसाठी परावर्तन एकदा घडते, बाहेरच्या कमानीसाठी दोनदा. दोन्ही वेळा जांभळा किरण तांबड्यापेक्षा अधिकच वळतो. त्या नियमात काही उलटत नाही. फरक पडतो तो किरण एकूण किती वळला यामुळे. 180 अंश वळलेला किरण सूर्याकडेच परत गेला असता. एका परावर्तनानंतर तांबडा किरण सुमारे 138 अंश वळून 42 अंश अलीकडे थांबतो, तर जास्त वळणारा जांभळा त्या दिशेच्या आणखी जवळ, सुमारे 40 अंशांवर येतो. दोन परावर्तनांनंतर मात्र तांबडा 180 अंश ओलांडून सुमारे 50 अंश पुढे गेलेला असतो, त्यामुळे जास्त वळणारा जांभळा आणखी दूर, सुमारे 53 अंशांवर पोहोचतो. हे सारे कोन पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून मोजायचे असल्याने पहिल्या कमानीत जांभळा आत येतो आणि दुसरीत बाहेर जातो.

दुसऱ्या परावर्तनात आणखी काही प्रकाश थेंबाबाहेर निसटतो, शिवाय रंग अधिक रुंद पट्ट्यात पसरतात. म्हणून बाहेरची कमान फिकट. (फोनमध्ये रंग गडद करून घेतले की हा फरक बुजतो, इथे तसे केलेले नाही, हे बरे झाले.)

दोन कमानींमधला आकाशाचा काळसर पट्टा ढगाचा नाही. एकदा परावर्तित झालेला प्रकाश 42 अंशांच्या आतच राहतो आणि दोनदा परावर्तित झालेला 50 अंशांच्या बाहेर, त्यामुळे मधल्या भागातल्या थेंबांकडून असा प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही. इ. स. 200च्या सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ अलेक्झांडर याने या पट्ट्याचे वर्णन केले होते. तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण 15 अंश वर होता, म्हणून आतल्या कमानीचा माथा सुमारे 27 अंशांवर आला. बाहेरची कमान पूर्ण दिसली तर जवळपास 100 अंश रुंद भरते आणि फोनच्या नेहमीच्या भिंगात एवढे आकाश मावत नाही, त्यामुळे छायाचित्रात डावी बाजू पूर्ण आणि उजवी कापलेली आहे.