विषय: भूजल गटात आजपासून रुजू झाले आहे : ऋतुजा जगताप, प्रशिक्षणार्थी

सोमवार, ५ जानेवारी २०२६

भूजल गटातील सर्व ताई, दादा, सर आणि मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ऋतुजा जगताप. आजपासून ३० जूनपर्यंत, सहा महिने, मी आपल्या गटात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करणार आहे. सकाळी कार्यालयात आले तेव्हा गटातील निम्म्याहून अधिक जण जानेवारीच्या विहीर-नोंदींसाठी शिरूर आणि दौंडच्या गावांत गेलेले होते, त्यामुळे प्रत्यक्ष ओळख चौघांशीच झाली. समन्वयक मॅडमनी सुचवले की सर्वांना एकच सविस्तर मेल पाठवावा, म्हणजे माझ्यावर कोणते काम सोपवता येईल आणि कोणते लगेच येणार नाही, हे क्षेत्रावर असलेल्यांनाही कळेल. म्हणून हा मेल नेहमीपेक्षा थोडा लांब झाला आहे.

मी पुण्यात भूशास्त्रात एम. एस्सी. करत आहे आणि हे माझे शेवटचे सत्र आहे. माझे गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात आहे. घरी साडेतीन एकर जमीन आहे, त्यात अंजिराची बाग, थोडे सीताफळ आणि पाणी असेल त्या वर्षी गहू किंवा कांदा असतो. शेतातली विहीर १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी आजोबांनी खणली. ती सात परस खोल असून तळाशी दोन आडवे बोअर मारलेले आहेत. माझ्या लहानपणापासून उन्हाळ्यात घरातला पहिला प्रश्न ‘विहिरीत पाणी किती?’ हाच असे आणि त्याचे उत्तर वडील पायऱ्या मोजून देत. मी भूशास्त्राकडे वळले त्याचे कारण मी कोणालाही हेच सांगते.

एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी गावातील ३४ विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत पाच वेळा मोजली. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे हे महिने मुद्दाम निवडले, कारण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी याच महिन्यांत घेते आणि माझे आकडे पुढे कधी त्यांच्या शेजारी ठेवता यावेत, अशी इच्छा होती. या कामात माझ्या हातून झालेली एक चूक मी आपल्याला आधीच सांगते, कारण आपल्या नोंदवहीला हात लावण्यापूर्वी ती आपल्याला ठाऊक असलेली बरी.

पहिल्या दोन फेऱ्यांमध्ये मी मोजणीचा बिंदू ठरवलाच नव्हता. ज्या बाजूने टेप सोडणे सोपे, तिथून ती सोडली. काही विहिरींना अडीच-तीन फुटांचा कठडा आहे, तोही एका बाजूने पंपासाठी फोडलेला असतो. कधी कठड्याच्या माथ्यावरून मोजले गेले, कधी फोडलेल्या बाजूने जमिनीवरून. मार्चच्या फेरीत एका विहिरीचे पाणी जानेवारीपेक्षा अडीच फूट वर आलेले दिसले. आमच्या तालुक्याच्या काही भागात पुरंदर उपसा सिंचन योजनेचे पाणी येते, त्यामुळे ते ओढ्याला सुटले असेल असे मी क्षणभर मानले, पण त्या महिन्यात आमच्या ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. मग लक्षात आले की जो अडीच फुटांचा फरक मी पाण्याचा समजत होते, तो कठड्याचा होता. मी सर्व ३४ विहिरींवर पुन्हा गेले, प्रत्येक कठड्याची उंची मोजली, आणि जिथे आधी नेमके कुठून मोजले होते हे खात्रीने सांगता आले त्या २७ विहिरींचे आकडे दुरुस्त केले. उरलेल्या सात विहिरींच्या पहिल्या दोन नोंदी मी प्रकल्पातून काढून टाकल्या. आता प्रत्येक विहिरीवर लाल रंगाचा बाण आणि क्रमांक आहे. आपल्याकडे मोजणीचा बिंदू कसा खुणावतात आणि नोंदवहीत कसा लिहितात, हे मला या आठवड्यातच कोणीतरी दाखवावे, अशी विनंती आहे.

दुसरी अडचण विजेच्या वेळापत्रकाची होती. शेतीपंपांची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी विहिरीवर जावे तर रात्रभर उपसा झालेला असतो आणि मोजली जाते ती विहिरीची विसावलेली पातळी नसते. म्हणून नंतरच्या फेऱ्या मी दिवसपाळीच्या आठवड्यात, पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी केल्या. तरीही काळ्या पाषाणातल्या दोन विहिरी रात्रभरातही पूर्ण भरत नाहीत. अशा विहिरींची ‘स्थिर पातळी’ आपण कोणती धरता, हे मला विचारायचे आहे.

आमच्या खडकात या गोष्टींना फार महत्त्व आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला आहे आणि या खडकात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. मांजऱ्या खडक कुजलेला असेल तर पाणी धरतो, काळा पाषाण केवळ भेगा असतील तिथेच देतो, आणि दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा आला की पाण्याची वाट बहुतेकदा तिथे अडते. आमच्याच शिवारात साठ मीटर अंतरावरच्या दोन विहिरींपैकी एक जानेवारीत कोरडी पडते आणि दुसरी अंजिराला एप्रिलपर्यंत पाणी पुरवते. गावात याचे श्रेय पाणाड्याला दिले जाते. मी दोन्ही विहिरींत उतरून थर पाहिले आणि पहिली विहीर मांजऱ्याचा थर संपवून पाषाणात थांबली आहे, एवढे तरी मला खात्रीने सांगता येते.

या गटात येण्यामागे मात्र गेल्या नोव्हेंबरमधला एक प्रसंग आहे. प्रकल्पाचे आकडे मी गावाच्या ग्रामसभेत मांडले. मोठ्या कागदावर आलेख काढून नेले होते, लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी आमच्या भावकीतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, “पोरी, पाणी पाच फूट खाली गेलं हे मला दोरावरनं कळतं. माझ्या अर्ध्या एकर गव्हाला पुरेल का, तेवढं सांग.” माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. घरी येऊन मी गणित मांडले. पाच फूट म्हणजे सुमारे दीड मीटर. आमच्यासारख्या बेसॉल्टमध्ये खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्केच पाणी उपसायला मिळते. दोन टक्के धरले तर दीड मीटर घसरणीतून फक्त ३० मिलिमीटर पाणी निघाले, म्हणजे हेक्टरी ३०० घनमीटर. एक टक्का धरला तर तेच निम्मे होते आणि तीन टक्के धरले तर दीडपट. पुस्तकातला कोणता आकडा आमच्या शिवाराला लागू पडतो, यावर त्या आजोबांचा गहू अवलंबून आहे आणि मी तो आकडा पुस्तकातूनच उचललेला होता.

मला या सहा महिन्यांत नेमके हेच शिकायचे आहे. विहिरीवर उपसा चाचणी घेऊन खडकाची देण्याची क्षमता कशी काढतात, पाऊस, पुनर्भरण, पिण्याचे पाणी आणि पिकांची गरज यांतून गावाचा पाण्याचा ताळेबंद कसा बसवतात, आणि तो रब्बीची पेरणी होण्यापूर्वी ग्रामसभेत अशा शब्दांत कसा मांडतात की लोकांना त्यावरून निर्णय घेता यावा. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवल्याचे आम्ही वर्गात शिकलो, पण गाव प्रत्यक्ष त्या बैठकीला कसे बसते, कोणता प्रश्न आधी येतो आणि वाद कुठे होतो, हे मी अद्याप पाहिलेले नाही. आपण पाहिले आहे. त्यामुळे अशा बैठकांना मला सोबत न्यावे. पहिल्या दोन-तीन बैठकांत मी केवळ ऐकेन आणि टिपणे घेईन.

आता कामाच्या दृष्टीने उपयोगी माहिती. विहिरीची पातळी आणि खोली मोजणे, थरांची नोंद, जीपीएसवर स्थान घेणे आणि क्यूजीआयएसमध्ये नकाशा तयार करणे ही कामे मी स्वतंत्रपणे करू शकते. एक्सेलमधील नोंदींची तपासणी मनापासून आवडते. जुन्या वह्यांतील नोंदी संगणकावर घ्यायच्या असतील तर तेही काम मला द्यावे, माझा हात त्यात चांगला बसलेला आहे. उपसा चाचणी मी आजवर एकदाच, तीही वर्गाच्या सहलीत लांबून पाहिली आहे. पाण्याच्या रासायनिक चाचण्यांचा अनुभव प्रयोगशाळेपुरता आहे, क्षेत्रावरचा नाही. दुचाकीचा परवाना आहे, चारचाकी येत नाही. पोहता येते, पण विहिरीत उतरण्याबाबत आपले सुरक्षेचे जे नियम असतील ते वाचल्याशिवाय मी यापुढे उतरणार नाही. आजवर घरच्या सवयीने उतरत आले, तसे इथे होणार नाही.

मी सोमवार ते शुक्रवार पूर्ण वेळ उपलब्ध आहे. क्षेत्रावर मुक्काम करावा लागल्यास हरकत नाही, घरी तसे सांगून ठेवले आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी विभागात प्रगती सांगण्यासाठी जावे लागेल, त्या दिवशी मी दोनपर्यंत कार्यालयात असेन. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी तोंडी परीक्षा आहे. तिची तारीख कळताच मी मेची फेरी आखणाऱ्यांना कळवीन, म्हणजे माझ्यामुळे विहिरींच्या तारखा पुढे-मागे होणार नाहीत.

या आठवड्यात मी आपली मागील तीन वर्षांची नोंदवही वाचणार आहे. बुधवारपासून क्षेत्रावरची मंडळी परतली की प्रत्येकाकडे पंधरा-वीस मिनिटे बसून त्यांचे काम समजून घ्यावे, असा विचार आहे. आपल्या सोयीची वेळ याच मेलला उत्तर देऊन कळवावी. आणि शुक्रवारी दौंडच्या फेरीला गाडीत एक जागा असेल तर मला न्यावे, ही विशेष विनंती. टेप, वही आणि रंगाचा डबा मी माझ्यासोबत आणला आहे.

मला नुसते ऋतुजा म्हणावे. माझी जागा दुसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटाशेजारी आहे.

आपली,
ऋतुजा जगताप
प्रशिक्षणार्थी, भूजल गट